पाच जोड्यांवरून सहप्रचरण आणि पिअर्सनचा सहसंबंध गुणांक हाताने काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणावर चालतात. कांद्याच्या एका बाजारातले लिलावाचे पाच दिवस घेऊ. रोजची आवक हजार क्विंटलमध्ये मोजू आणि तिला x म्हणू. त्या दिवसाचा सरासरी भाव रुपये प्रति किलोमध्ये मांडू आणि त्याला y म्हणू. आकडे कुठल्याही बाजार समितीच्या नोंदीतले नाहीत. बेरजा सोप्या याव्यात म्हणून ते मुद्दाम रचले आहेत, पण आवक वाढली की भाव उतरतो ही त्यांची चाल ओळखीची वाटेल.

| दिवस | आवक x | भाव y |
|---|---|---|
| सोमवार | ६ | २३ |
| मंगळवार | ९ | १८ |
| बुधवार | १० | २० |
| गुरुवार | १२ | १५ |
| शुक्रवार | १३ | १४ |

सहप्रचरण म्हणजे नेमकं काय मोजायचं असतं?

दोन राशी आपापल्या सरासरीपासून एकाच वेळी कोणत्या बाजूला सरकतात, ते. सोमवारी आवक नेहमीपेक्षा कमी होती आणि भाव नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे एक विचलन ऋण, दुसरं धन, आणि त्यांचा गुणाकार ऋण. एखाद्या दिवशी दोन्ही राशी सरासरीच्या वर असत्या, किंवा दोन्ही खाली असत्या, तर गुणाकार धन आला असता. असे पाच दिवसांचे पाच गुणाकार घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची, हेच सहप्रचरण. बरेच जण त्याला सरळ कोव्हेरियन्स म्हणतात.

एका राशीचं स्वतःशीच सहप्रचरण काढलं, तर प्रत्येक विचलनाचा स्वतःशी गुणाकार होतो, म्हणजे वर्ग. त्या वर्गांची सरासरी म्हणजे प्रचरण, आणि प्रचरणाचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. ही तिन्ही नावं वेगवेगळ्या पानांवर भेटतात म्हणून वेगळी वाटतात. हिशेब मुळात एकच आहे.

पूर्ण हिशेब पायरीपायरीने दाखवाल का?

आधी दोन मध्य काढू. आवकेची बेरीज ५०, म्हणून मध्य १०. भावांची बेरीज ९०, म्हणून मध्य १८. आता प्रत्येक आकड्यातून त्याचा मध्य वजा करायचा आणि मग तीन रकाने भरायचे: दोन विचलनांचा गुणाकार, x च्या विचलनाचा वर्ग आणि y च्या विचलनाचा वर्ग.

| x | y | x − १० | y − १८ | गुणाकार | x चा वर्ग | y चा वर्ग |
|---|---|---|---|---|---|---|
| ६ | २३ | −४ | ५ | −२० | १६ | २५ |
| ९ | १८ | −१ | ० | ० | १ | ० |
| १० | २० | ० | २ | ० | ० | ४ |
| १२ | १५ | २ | −३ | −६ | ४ | ९ |
| १३ | १४ | ३ | −४ | −१२ | ९ | १६ |
| ५० | ९० | ० | ० | −३८ | ३० | ५४ |

शेवटच्या ओळीतले दोन शून्य नीट बघा. विचलनांची बेरीज शून्यच यायला हवी. ती आली नाही तर मध्य तरी चुकला आहे किंवा एखादी वजाबाकी, आणि अशा वेळी पुढचा गुणाकाराचा रकाना भरण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि इथेच त्या सगळ्यात स्वस्तात सापडतात. चिन्हाची चूक मात्र पुढच्या रकान्यात होते: −४ गुणिले ५ लिहिताना उणे चिन्ह गळतं आणि −३८ च्या जागी +२ येतो.

आता हातात तीन बेरजा आहेत: −३८, ३० आणि ५४. पुढचं सगळं या तिघांवर चालतं. त्यांना Sxy, Sxx आणि Syy म्हणायची पद्धत आहे.

अजून एक गोष्ट तक्त्यातच दिसते, पण फारसं कोणी तिकडे बघत नाही. −३८ पैकी −२० एकट्या सोमवारचे आहेत. मंगळवार आणि बुधवार यांचं योगदान शून्य, कारण त्या दिवशी एक ना एक राशी नेमकी सरासरीवर होती. म्हणजे पाच दिवसांचं म्हणून सांगितलेलं सहप्रचरण इथे प्रत्यक्षात तीन दिवसांचं आहे आणि त्यातही अर्ध्याहून जास्त एका दिवसाचं. मध्यापासून लांबचे आकडे हिशेबावर असे स्वार होतात. याचा परिणाम खाली पुन्हा भेटेल.

पाचने भागायचं की चारने?

बाजारातले हे पाच दिवस हेच तुमचं सगळं विश्व असेल, म्हणजे फक्त या आठवड्याचं वर्णन करायचं असेल, तर ५ ने भागा: −३८ ÷ ५ = −७.६. हे पाच दिवस हंगामातल्या अनेक दिवसांचा नमुना म्हणून घेतले असतील आणि त्यावरून हंगामाचा अंदाज बांधायचा असेल, तर ४ ने भागा: −३८ ÷ ४ = −९.५.

चार का, याचं उत्तर तक्त्यातल्या त्या शून्य बेरजेत आहे. x ची पहिली चार विचलनं −४, −१, ०, २ अशी कळली, की पाचवं ३ असणारच. त्याला दुसरा पर्याय नाही. मध्य आपण त्याच पाच आकड्यांतून काढला, त्यामुळे मोकळी विचलनं चारच उरली. शिवाय नमुन्याचा मध्य हा नमुन्यातल्या आकड्यांच्या मधोमधच बसतो, हंगामाचा खरा मध्य मात्र थोडा इकडे तिकडे असू शकतो. म्हणून ५ ने भागून आलेलं उत्तर सरासरीने शून्याकडे झुकतं, आणि ४ ने भागल्यावर तो झुकाव निघून जातो.

परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातलं सूत्र बघा. पुष्कळ पुस्तकांत n ने, म्हणजे जोड्यांच्या संख्येनेच, भागलेलं असतं आणि गुण त्याप्रमाणे मिळतात.

मग r काढताना यातलं कोणतं घ्यायचं?

कोणतंही, पण वर आणि खाली एकच. r म्हणजे पिअर्सनचा सहसंबंध गुणांक: सहप्रचरण भागिले दोन्ही प्रमाण विचलनांचा गुणाकार. अंशात ४ ने भागलं असेल, तर छेदात दोन वर्गमुळांच्या आत प्रत्येकी ४ ने भागलेलं असतं, आणि दोन्ही वर्गमुळं गुणली की बाहेर एकच ४ पडतो. तो अंशातल्या ४ सोबत उडतो. पाचाचंही तसंच. म्हणून हाताने करताना भागाकाराच्या फंदात न पडता सरळ असं लिहावं:

```
r = Sxy / √(Sxx · Syy)
```

आपल्या आकड्यांत ३० × ५४ = १६२०. त्याचं वर्गमूळ काढायला यंत्र लागत नाही. ४० चा वर्ग १६००, वर २० उरले. त्यांना ४० च्या दुपटीने, म्हणजे ८० ने भागलं की ०.२५. म्हणून वर्गमूळ जवळपास ४०.२५, आणि r = −३८ ÷ ४०.२५ = −०.९४४. दोन वर्गमुळं वेगवेगळी काढून (५.४८ आणि ७.३५) गुणलीत तरी उत्तर तेच येतं, फक्त पूर्णांकन दोनदा होतं. आधी गुणाकार, मग एकच वर्गमूळ, हा क्रम मला जास्त भरवशाचा वाटतो.

माझं उत्तर −१.१८ आलं. असं होऊ शकतं का?

नाही. r कधीही −१ आणि +१ यांच्या बाहेर जात नाही. Sxy चा वर्ग हा Sxx आणि Syy यांच्या गुणाकारापेक्षा मोठा असूच शकत नाही. इथे ३८ चा वर्ग १४४४ आणि तो १६२० च्या आत आहे. ही तपासणी वर्गमूळ काढण्याच्या आधीच करता येते.

−१.१८ हा आकडा मात्र ओळखीचा आहे. अंशात −९.५ घेतलं, म्हणजे ४ ने भागलेलं, आणि छेदात ५ ने भागलेली प्रमाण विचलनं घेतली, २.४५ आणि ३.२९, की नेमकं हेच उत्तर येतं. भाजक मिसळले गेले. पाच जोड्यांमध्ये या मिसळीने उत्तर सव्वापट होतं, कारण ५ ÷ ४ = १.२५.

निदान ही चूक स्वतःच ओरडून सांगते. उलट मिसळ जास्त वाईट. अंशात −७.६ आणि छेदात ४ वाली प्रमाण विचलनं (२.७४ आणि ३.६७) घेतली तर −०.७६ येतं. हा आकडा मर्यादेत आहे, चिन्ह बरोबर आहे, दिसायला सभ्य आहे, आणि चुकीचा आहे. तो बघून कोणालाही शंका येत नाही.

संगणकावर या दोन्ही चुका आयत्या तयार होतात. एक्सेलमधलं जुनं `COVAR` हे n ने भागतं, तर `STDEV` हे n − १ ने. म्हणून हे सूत्र −०.७६ देतं:

```
=COVAR(A2:A6,B2:B6)/(STDEV(A2:A6)*STDEV(B2:B6))
```

पायथन भाषेतल्या नमपायमध्ये नेमकं उलटं आहे. `np.cov` काही न सांगता n − १ ने भागतं आणि `np.std` काही न सांगता n ने. म्हणून हे −१.१८ देतं:

```
np.cov(x, y)[0, 1] / (np.std(x) * np.std(y))
```

हाताचं उत्तर पडताळायचं असेल तर एक्सेलमध्ये `CORREL` आणि नमपायमध्ये `np.corrcoef` वापरा. त्यांच्या आत भाजक जुळलेले असतात. सहप्रचरणच हवं असेल तर एक्सेलमध्ये `COVARIANCE.P` (−७.६) आणि `COVARIANCE.S` (−९.५) अशी दोन वेगळी फलं आहेत, P म्हणजे संपूर्ण समष्टी, S म्हणजे नमुना.

विचलनं न काढता थेट आकड्यांवरून r काढता येतो ना?

येतो. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून बेरीज घ्या: १३८ + १६२ + २०० + १८० + १८२ = ८६२. त्यातून दोन्ही बेरजांचा गुणाकार भागिले ५, म्हणजे ५० × ९० ÷ ५ = ९००, वजा करा. उरले −३८. तसंच x च्या वर्गांची बेरीज ५३०, त्यातून ५०० गेले, उरले ३०. y च्या वर्गांची बेरीज १६७४, त्यातून १६२० गेले, उरले ५४.

```
Sxy = Σxy − (Σx)(Σy)/n
```

मध्य पूर्णांकात येत नसेल तेव्हा ही पद्धत सोयीची. पण एक धोका आहे: इथे दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी होते. समजा प्रत्येक x मध्ये १००० मिळवले, म्हणजे १००६, १००९ वगैरे. पसरण तीच राहिली, Sxx ३० च आहे. पण आता ते ५१,००,५३० वजा ५१,००,५०० असं मिळतं. मधे कुठे शेवटचे दोनतीन अंक पूर्णांकनात गेले, तर ३० च्या जागी शून्य किंवा चक्क ऋण संख्या येईल. वर्गांची बेरीज ऋण दिसली की कारण दुसरं काही नसतं. उपाय सोपा आहे: सगळ्या आकड्यांतून आधीच १००० वजा करून टाका. r वर काही परिणाम होत नाही.

मध्य अपूर्णांकात आला तर पूर्णांक करून घेतला तर चालेल का?

प्रश्न चांगला आहे, कारण उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे.

शुक्रवारची आवक १३ ऐवजी १४ धरू. बेरीज ५१, मध्य १०.२. विचलनं −४.२, −१.२, −०.२, १.८, ३.८. यांचे y च्या विचलनांशी गुणाकार केले तर −२१, ०, −०.४, −५.४, −१५.२, एकूण −४२. आता आळस करून मध्य १० धरला तर गुणाकार −२०, ०, ०, −६, −१६, एकूण पुन्हा −४२. फरक पडला नाही! x च्या प्रत्येक विचलनात तेच ०.२ वाढले, ते y च्या विचलनांशी गुणले गेले, आणि y च्या विचलनांची बेरीज शून्य असल्यामुळे सगळं मिटलं. म्हणजे Sxy साठी दोनपैकी एकाच राशीचा मध्य अचूक असला तरी पुरतं.

वर्गांना ही सवलत नाही. १० धरून x च्या विचलनांचे वर्ग १६ + १ + ० + ४ + १६ = ३७ होतात, खरे ३६.८ आहेत. दुरुस्ती अशी: धरलेला मध्य आणि खरा मध्य यांच्यातल्या फरकाचा वर्ग, गुणिले ५, वजा करा. ०.०४ × ५ = ०.२, आणि ३७ − ०.२ = ३६.८. दहावीतल्या गृहीतमध्य पद्धतीचीच ही पुढची पायरी. दोन्ही मध्य गृहीत धरले असतील तर Sxy मध्येही दुरुस्ती लागते: दोन्ही फरकांचा गुणाकार, गुणिले ५.

भाव क्विंटलमध्ये घेतला तर उत्तर बदलेल का?

सहप्रचरण बदलेल, r बदलणार नाही. बाजार समितीत भाव रुपये प्रति क्विंटल सांगतात, म्हणजे सोमवारचे २३ रुपये किलो हे २३०० रुपये क्विंटल. प्रत्येक y शंभरपट झाला, त्याची विचलनं शंभरपट झाली, आणि नमुन्याचं सहप्रचरण −९.५ वरून −९५० वर गेलं. आवकही हजारात न मांडता सरळ क्विंटलमध्ये मांडली तर ते −९,५०,००० होईल. बाजारात काहीही बदललेलं नाही.

म्हणून सहप्रचरणाच्या आकड्याला मोठा किंवा लहान म्हणण्यात अर्थ नाही. त्याचं चिन्ह वाचता येतं, आकार वाचता येत नाही. त्याला एकक असतं आणि ते विचित्र असतं: इथे हजार क्विंटल गुणिले रुपये प्रति किलो. प्रमाण विचलनांना तीच एककं असल्यामुळे भागाकारात ती उडतात आणि r निव्वळ संख्या उरते. फक्त एका राशीला ऋण संख्येने गुणलं, म्हणजे उदाहरणार्थ भावाऐवजी भावातली घट मांडली, तर r चं चिन्ह उलटतं.

हा पिअर्सन कोण?

कार्ल पिअर्सन, लंडनचे गणितज्ञ. सहसंबंधाची कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली होती. पिअर्सन यांनी १८९६ मध्ये आज वापरतो ते गुणाकारांचं सूत्र पक्कं केलं.

−०.९४ म्हणजे ९४ टक्के संबंध का?

नाही, r ही टक्केवारी नाही. टक्क्यांत काही म्हणायचंच असेल तर r चा वर्ग घ्या: १४४४ ÷ १६२० = ०.८९. याचा अर्थ असा, की या पाच बिंदूंमधून सर्वांत जवळची सरळ रेषा काढली, तर भावातल्या चढउतारापैकी सुमारे ८९ टक्के भाग त्या रेषेने पकडला जातो. आवक हजार क्विंटलने वाढली तर भाव किती उतरेल, हे r सांगतच नाही. त्यासाठी रेषेचा उतार लागतो, तो Sxy ÷ Sxx, म्हणजे −३८ ÷ ३० = −१.२७ रुपये किलोमागे. उतार फार कमी असूनही r जवळजवळ −१ असू शकतो; बिंदू रेषेला किती चिकटून आहेत एवढंच r बघतो.

पाचच जोड्यांवर विश्वास ठेवायचा का?

बेताने. पाच जोड्यांमध्ये निव्वळ योगायोगानेही मोठा r सहज येतो. किती सहज, हे पाच जोड्यांच्या बाबतीत कागदावर मोजून बघता येतं, आणि पाच जोड्यांचा मला आवडणारा फायदा हाच.

समजा आवक आणि भाव यांचा काही संबंधच नाही. मग २३, १८, २०, १५, १४ हे पाच भाव पाच दिवसांवर कसेही वाटले गेले असते. अशा मांडण्या ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. मध्य आणि वर्गांच्या बेरजा कुठल्याही मांडणीत बदलत नाहीत, बदलते ती फक्त Sxy. तेव्हा विचारायचं एवढंच, की १२० पैकी किती मांडण्यांत Sxy −३८ किंवा त्याहून खाली जाते.

सगळ्यात खालची मांडणी उघड आहे. कमीत कमी आवकेला जास्तीत जास्त भाव, असं ओळीने: ६ ला २३, ९ ला २०, १० ला १८, १२ ला १५, १३ ला १४. तिची बेरीज −४०. यात शेवटचे दोन भाव अदलाबदल केले तर −३९. मधले दोन, म्हणजे ९ आणि १० चे, अदलाबदल केले तर −३८, आणि हीच आपली मांडणी. दोन्ही अदलाबदली एकत्र केल्या की −३७ वर येतो. सोमवारचा २३ हलवला तर बेरीज −३१ च्या खाली जातच नाही. म्हणजे अशा मांडण्या फक्त तीन. दुसऱ्या टोकाला, आवकेसोबत भावही ओळीने चढवला तर जास्तीत जास्त +३८ मिळतो, तोही एकाच मांडणीत. दोन्ही टोकं धरून १२० पैकी ४, म्हणजे सुमारे ३.३ टक्के.

तर −०.९४ इतका भरभक्कम दिसणारा आकडासुद्धा, संबंध अजिबात नसताना, तीसात एकदा येऊ शकतो. संख्याशास्त्राच्या तक्त्यांत पाच जोड्यांसाठी ५ टक्के पातळीवरची सीमा, म्हणजे संबंध नसताना शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी, ०.८७८ दिलेली असते. आपला r ती ओलांडतो, पण ०.८ आला असता तर ओलांडली नसती. शंभर जोड्यांवर ०.८ आला तर तो फार मोठा मानतात, पाच जोड्यांवर त्याला काही म्हणता येत नाही.

आणि यात एक गृहीत दडलेलं आहे: पाचही दिवस एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. लिलावाचे लागोपाठचे दिवस तसे नसतात. सोमवारचा चढा भाव मंगळवारीही थोडा टिकतो. ओळींचा क्रम बदलला तरी r बदलत नाही, म्हणजेच कालचा आजवर झालेला परिणाम त्याला दिसतच नाही.

एक आकडा चुकून उलटा लिहिला गेला तर?

शुक्रवारचा भाव १४ च्या जागी ४१ पडला असं धरू. भावांची बेरीज ११७, मध्य २३.४. Sxy = १२१३ − ११७० = +४३. Syy = ३१५९ − २७३७.८ = ४२१.२. Sxx तेच ३०. r = ४३ ÷ √१२६३६ = +०.३८.

एका आकड्याचे दोन अंक उलटे झाले आणि −०.९४ चा +०.३८ झाला. चिन्हसुद्धा बदललं. विचलनांच्या बेरजेची तपासणी इथे काही कामाची नाही, कारण चुकीच्या आकड्याचाही मध्य नीटच निघतो आणि बेरीज शून्यच येते. हे पकडायचा मार्ग एकच: आलेख कागदावर पाच ठिपके काढणे. चार ठिपके उतरत जाताना आणि पाचवा आभाळात दिसला, की हिशेबाआधी नोंदवही उघडायची. ४१ खराच असेल तर तो खोडता येत नाही, पण मग r हा एकटा आकडा सांगून थांबणंही बरोबर नाही.

r शून्य आला म्हणजे संबंध नाही, असं म्हणायचं ना?

सरळ रेषेतला संबंध नाही, एवढंच. x ला −२, −१, ०, १, २ धरा आणि y ला त्यांचे वर्ग: ४, १, ०, १, ४. y चा मध्य २, विचलनं २, −१, −२, −१, २. गुणाकार −४, १, ०, −१, ४ आणि बेरीज शून्य. x कळला की y पूर्णपणे कळतो, तरी r शून्य.

आवक वाढली म्हणूनच भाव पडला, हे r वरून सिद्ध होतं का?

होत नाही. सूत्रात x आणि y यांची अदलाबदल करून बघा, उत्तर तेच येईल. जो आकडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो तो कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सांगू शकत नाही. कांद्यात तर उलटा मार्गही खरा आहे: भाव पडलेला ऐकून चाळीत कांदा ठेवणारा शेतकरी दोन दिवस थांबतो, आणि भावच आवक ठरवतो. किंवा पावसाच्या भीतीने एकाच वेळी सगळे माल काढतात आणि ओला माल असल्याने व्यापारी कमी बोली लावतात. तिथे आवक आणि भाव दोन्ही तिसऱ्याच गोष्टीने हलतात. बाजार माहीत असलेला माणूस यातलं कुठलं घडलं ते सांगू शकतो.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत द्यावं?

दोन पुरेत. मधल्या पायऱ्यांत मात्र चार ठेवा आणि पूर्णांकन शेवटी एकदाच करा.

पाचही दिवस भाव सारखाच असेल तर r किती?

काढताच येत नाही. y ची सगळी विचलनं शून्य, म्हणून Sxy शून्य आणि Syy ही शून्य; r हा शून्य भागिले शून्य होतो. एक्सेल तिथे `#DIV/0!` दाखवतं आणि नमपाय `nan`. सहप्रचरण शून्य आहे असं लिहायला हरकत नाही, ते खरंच शून्य आहे. r च्या जागी मात्र शून्य न लिहिता 'अव्याख्यात' लिहावं, कारण भाव हललाच नाही तर तो आवकेसोबत हलतो की नाही हे कळायला काही साधनच उरत नाही.